मायट्रल झडपेचा प्रोलॅप्स: क्लिक, मर्मर आणि धोका नेमका कोणाला

मायट्रल झडप हृदयाच्या डाव्या बाजूला, वरचा कप्पा म्हणजे डावी कर्णिका आणि खालचा कप्पा म्हणजे डावी जवनिका यांच्या मधे असते. तिला दोन पडदे असतात, एक पुढचा आणि एक मागचा. पडद्यांच्या मोकळ्या कडांना बारीक, चिवट तंतू जोडलेले असतात. त्यांची दुसरी टोके जवनिकेच्या आतल्या भिंतीतून उठलेल्या दोन स्नायुस्तंभांमध्ये रुतलेली असतात. फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त या झडपेतून खाली उतरते. जवनिका आकुंचन पावून ते महाधमनीत ढकलू लागली की पडदे मिटतात आणि रक्ताला मागे फिरू देत नाहीत. मिटलेल्या पडद्यांवर त्या क्षणी जवनिकेचा सगळा दाब येतो. तंतूंनी खालून धरून ठेवल्यामुळे ते वर उलटत नाहीत.

काही माणसांत हे पडदे गरजेपेक्षा मोठे, मऊ आणि सैल असतात. त्यांच्या मधल्या थरातील स्पंजासारखी ऊती वाढलेली असते, बळ देणारे धागे विस्कटलेले असतात आणि तंतूही लांबलेले असतात. अशा वेळी आकुंचनाच्या ऐन भरात एक किंवा दोन्ही पडदे झडपेच्या कड्याची पातळी ओलांडून वरच्या कप्प्यात फुगतात. या फुगण्यालाच मायट्रल व्हॉल्व प्रोलॅप्स म्हणतात. पडदा फुगूनही दोन्ही कडा एकमेकींना नीट भिडत असतील, तर रक्त अजिबात गळत नाही. कडा सुटल्या तर थोडे किंवा पुष्कळ रक्त उलटे कर्णिकेत जाते. प्रोलॅप्स असणे आणि झडप गळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णाचे पुढे काय होणार हे बहुतांशी दुसरीवर ठरते.

आवाज कसा उमटतो

स्टेथोस्कोपमधून निरोगी हृदयाचे दोन ठोके ऐकू येतात, लब आणि डब. लब म्हणजे आकुंचनाची सुरुवात आणि डब म्हणजे शेवट. या दोन्हींच्या मधला काळ शांत असायला हवा. प्रोलॅप्समध्ये तिथे एक छोटा, तीक्ष्ण, टिचकीसारखा आवाज येतो. त्याला क्लिक म्हणतात. डाव्या स्तनाग्राच्या आसपास, जिथे हृदयाचे टोक छातीला टेकते तिथे तो सर्वांत स्पष्ट असतो. अनेकदा क्लिकनंतर फुंकर घातल्यासारखा आवाज सुरू होतो आणि डबपर्यंत चालतो. हाच मर्मर, आणि तो गळणाऱ्या रक्ताचा असतो. काहींत नुसतीच क्लिक असते, काहींत दोन्ही असतात आणि काहींत यांपैकी काहीच ऐकू येत नाही.

क्लिक आकुंचनाच्या सुरुवातीला न येता मधेच का येते, याचे उत्तर जवनिकेच्या आकारात आहे. रक्त बाहेर जाऊ लागले की जवनिका आक्रसते. तिच्या पोकळीत पडद्यांना आणि तंतूंना ताठ ठेवणारे अंतर कमी होते. अंतर एका मर्यादेखाली गेले की सैल पडदा सटकन वर फुगतो आणि तंतू ताणून त्याला एकदम थांबवतात. वाऱ्याच्या झोताने शीड भरते आणि दोर ताणला जाऊन खाडकन आवाज होतो, तसाच हा आवाज. पडदा फुगल्यावर कडा सुटल्या तर तिथून पुढे मर्मर सुरू होतो. म्हणून तो नेहमी क्लिकच्या मागून येतो.

या कारणामुळे रोग्याची स्थिती बदलली की आवाजाची वेळही बदलते. उभे राहिल्यावर पायांत रक्त साठते आणि हृदयाकडे कमी परतते. जवनिका मुळातच लहान भरते, त्यामुळे ती मर्यादा लवकर गाठली जाते. क्लिक लबच्या जवळ सरकते आणि मर्मर लांबतो. नाक-तोंड मिटून श्वास कोंडून जोर लावल्यावरही असेच होते. उकिडवे बसल्यावर रक्त वर ढकलले जाते, जवनिका मोठी भरते आणि क्लिक उशिरा, डबच्या जवळ येते. इतका बदल दुसऱ्या कुठल्या झडपेच्या आवाजात सहसा दिसत नाही. डॉक्टर रोग्याला उभे करून, बसवून पुन्हापुन्हा स्टेथोस्कोप लावतात ते यासाठी. उन्हात घाम गळून शरीरातले पाणी कमी झालेल्या दिवशी क्लिक स्पष्ट येते आणि चांगले पाणी प्यायलेल्या दिवशी हरवते, असेही घडते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच फ्रेंच डॉक्टरांनी या मधल्या टिचकीची नोंद केली होती. पण पुढे कित्येक दशके तो आवाज हृदयाच्या बाहेरच्या आवरणातून किंवा चिकटलेल्या पदरांतून येतो, असा समज होता. जोहान्सबर्गमधील जॉन बार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये रुग्णांच्या जवनिकेत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्रे घेतली. आकुंचनाच्या उत्तरार्धात येणारा मर्मर मायट्रल झडपेच्या गळतीचाच असतो, असे त्यांनी दाखवून दिले. १९६६ मध्ये अमेरिकेतील मायकेल क्रायली यांच्या गटाने या स्थितीला मायट्रल व्हॉल्व प्रोलॅप्स हे नाव दिले. बार्लो यांचे नाव आजही पडदे जाड आणि अतिरिक्त असलेल्या ठळक प्रकाराला चिकटून आहे.

किती जणांना असते

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत इको यंत्रे वाढली आणि प्रोलॅप्सचे निदान भराभर होऊ लागले. काही पाहण्यांत तरुणींपैकी दहातल्या एकीला किंवा त्याहून जास्त जणींना हा विकार असल्याचे निघाले. मग छातीत दुखणे, धडधड, थकवा, घाबरट स्वभाव हे सगळे त्याच्या माथी मारले गेले. यातले बरेचसे निदान भूमितीच्या चुकीने झाले होते. झडपेचे कडे सपाट नसते. त्याचा पुढचा आणि मागचा भाग उंच असतो, तर दोन्ही बाजूंचे कोपरे खाली झुकलेले असतात. सोनोग्राफीचा छेद खालच्या कोपऱ्यांमधून घेतला, तर अगदी नॉर्मल पडदाही कड्याच्या वर गेल्यासारखा दिसतो. ही बाब १९८० च्या दशकात स्पष्ट झाल्यावर व्याख्या कडक झाली. झडपेचा लांबट छेद घेऊन पडदा कड्याच्या पातळीपलीकडे निदान २ मिलिमीटर गेला, तरच प्रोलॅप्स मानायचा. शिवाय पडद्याची जाडी ५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर तो ठळक प्रकार धरायचा.

या व्याख्येने अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील ३४९१ लोकांची तपासणी झाली आणि १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रोलॅप्स ८४ जणांना होता, म्हणजे सुमारे २.४ टक्के. स्त्रियांत आणि पुरुषांत प्रमाण जवळपास सारखेच होते. छातीत दुखणे, धाप आणि चक्कर येणे या तक्रारी प्रोलॅप्स असलेल्यांत आणि नसलेल्यांत सारख्याच निघाल्या. त्यामुळे छातीत कळ आली आणि इकोत प्रोलॅप्स सापडला, तरी ती कळ प्रोलॅप्सचीच असे म्हणता येत नाही. तिचे कारण स्वतंत्रपणे शोधावे लागते.

भारतात अशा तपासणीत आणखी एक फरक सांभाळावा लागतो. इथे मर्मर म्हटले की डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या मनात आधी संधिवाताच्या तापाने बिघडलेली झडप येते. त्या आजारात पडदे जाड होऊन त्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात, झडप अरुंद होते आणि पुन्हा ताप येऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. साध्या प्रोलॅप्समध्ये ही इंजेक्शने लागत नाहीत. इको नीट पाहिला नाही आणि नुसत्या मर्मरवरून इंजेक्शने सुरू केली, तर रोग्याला विनाकारण जन्मभराचा आजारीपणा चिकटतो.

नेहमीचा मार्ग

बहुसंख्य लोकांत प्रोलॅप्स कसा चालतो ते एका नमुन्याच्या उदाहरणावरून पाहता येईल. २४ वर्षांची एक मुलगी नोकरीच्या वैद्यकीय तपासणीला जाते. तिला कधीतरी धडधड होते, पण चक्कर कधी आलेली नाही. आडवे झोपवून ऐकताना डॉक्टरांना क्लिक आणि तिच्यामागे छोटा मर्मर ऐकू येतो. उभे केल्यावर क्लिक लबकडे सरकते. ईसीजी नॉर्मल आहे. इकोत मागचा पडदा ३ मिलिमीटर वर जातो, त्याची जाडी ३ मिलिमीटर आहे, गळती किरकोळ आहे, कर्णिका आणि जवनिका नॉर्मल मापाच्या आहेत आणि प्रत्येक ठोक्याला जवनिका आपल्यातले सुमारे ६४ टक्के रक्त बाहेर टाकते. धडधडीसाठी २४ तासांचा होल्टर लावला जातो. त्यात अधूनमधून सुटे जादा ठोके दिसतात, सलग ओळीत एकही नाही.

या मुलीला औषधाची गरज नाही. धडधड त्रासदायक असेल तर चहा-कॉफी कमी करून पाहता येते, फारच झाली तर बीटा ब्लॉकर गटाची गोळी देतात. खेळ, व्यायाम, नोकरी, लग्न, गर्भारपण यांवर बंधन नाही. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण वाढून जवनिका मोठी भरते, त्यामुळे क्लिक आणि मर्मर पुष्कळदा मावळतात. पुढचा इको तीन ते पाच वर्षांनी पुरतो. इतक्या साध्या स्थितीत दर सहा महिन्यांनी इको केल्याने आरोग्यात भर पडत नाही, धास्ती मात्र वाढते.

गळती वाढते तेव्हा

प्रोलॅप्सचे सर्वांत नेहमीचे गंभीर वळण म्हणजे वाढत गेलेली गळती. हे बहुधा पन्नाशीनंतर आणि पुरुषांत जास्त घडते. पडदा वर्षानुवर्षे ओढला जातो, कडे रुंदावते आणि तंतू झिजतात. मग एखादा तंतू तुटला की पडद्याचा तेवढा भाग खालून मोकळा होतो आणि आकुंचनासरशी उलटा फडफडू लागतो.

५२ वर्षांच्या एका गृहस्थांना मध्यम गळती आहे आणि त्यांची दरवर्षी तपासणी होते. एके दिवशी जिना चढताना त्यांना अचानक धाप लागते आणि रात्री आडवे झोपवत नाही. डॉक्टर ऐकतात तेव्हा क्लिक नाही. मर्मर आता लबपासून डबपर्यंत सलग आहे आणि तो महाधमनीच्या जागी, छातीच्या वरच्या भागातही मोठा ऐकू येतो. मागच्या पडद्याचा तंतू तुटला की रक्ताचा झोत पुढे, महाधमनीकडे वळतो. म्हणूनच हा मर्मर कधी कधी महाधमनीच्या झडपेचा आहे असे वाटून निदान चुकते. इकोत मागच्या पडद्याचा मधला भाग फडफडताना दिसतो आणि गळती तीव्र आहे. अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात नेणे गरजेचे असते.

तंतू न तुटताही गळती हळूहळू तीव्र होऊ शकते, आणि तेव्हा रुग्णाला बराच काळ काहीच जाणवत नाही. जवनिका मोठी होऊन जादा भार पेलते. इथे आकड्याने फसगत होते. गळक्या झडपेतून रक्त कमी दाबाच्या कर्णिकेत सहज जाते, त्यामुळे जवनिका थकलेली असली तरी ती बाहेर टाकत असलेल्या रक्ताचे प्रमाण चांगलेच दिसते. निरोगी माणसात ५८ टक्क्यांची फारशी चिंता नसते. तीव्र गळतीच्या रुग्णात मात्र ६० टक्के किंवा कमी हा इशारा मानतात. जवनिका पूर्ण आक्रसल्यावरही तिचे माप ४० मिलिमीटर किंवा जास्त राहिले, तरी तोच अर्थ. यांपैकी एक आढळले किंवा धाप लागू लागली, की शस्त्रक्रिया करतात. अगदी थकवा येईपर्यंत थांबले, तर झडप नीट केली तरी जवनिका पूर्ण सावरत नाही.

शस्त्रक्रियेत शक्यतो झडप बदलत नाहीत, दुरुस्त करतात. फ्रेंच शल्यविशारद आलँ कारपाँतिए यांनी याची पद्धत घडवली. फडफडणारा भाग कापून शिवतात किंवा तुटलेल्या तंतूंच्या जागी कृत्रिम धागे बसवतात आणि रुंदावलेल्या कड्याला आवळून धरणारी रिंग घालतात. स्वतःची झडप टिकल्याने यांत्रिक झडपेसाठी लागणारे जन्मभराचे रक्त पातळ करणारे औषध बहुतेकांना टळते. सरावलेल्या शल्यचिकित्सकाच्या हाती मागच्या पडद्याची दुरुस्ती सहसा टिकाऊ होते. दोन्ही पडद्यांची अवघड असते. म्हणून अशी शस्त्रक्रिया ही कामे नियमित करणाऱ्या केंद्रात करणे श्रेयस्कर. उघडी शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वृद्धांत मांडीच्या शिरेतून क्लिप नेऊन दोन्ही पडदे मधे जोडण्याचा मार्ग वापरतात.

गळती कमी असूनही धोका

दुसरा गट फार लहान आहे. यात गळती मोठी नसतानाही हृदयाची लय धोकादायक रीतीने बिघडते. इटलीतील पादुआ येथे चाळिशीच्या आतल्या, अचानक हृदयविकाराने मृत्यू आलेल्या ६५० तरुणांचा अभ्यास झाला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत ४३ जणांच्या मृत्यूशी प्रोलॅप्सचा संबंध आढळला आणि त्यांत स्त्रिया जास्त होत्या. हे प्रमाण मृतांपैकी आहे, प्रोलॅप्स असलेल्या सगळ्यांपैकी नाही. तीव्र गळती नसलेल्या प्रोलॅप्समध्ये अचानक मृत्यू फार विरळ आहे. पण या अभ्यासातून धोक्याची जागा कळली. बहुतेकांच्या हृदयात स्नायुस्तंभांवर आणि झडपेखालच्या मागच्या भिंतीवर व्रण आढळले. सैल पडदे प्रत्येक ठोक्याला स्तंभांना ओढतात आणि ही ओढ वर्षानुवर्षे लागून स्नायूच्या जागी तंतुमय व्रण तयार होतो. तिथून जादा, वेडेवाकडे ठोके निघतात.

अशा रुग्णांत काही खुणा एकत्र आढळतात. दोन्ही पडदे फुगलेले असतात. पडद्याची मागची मुळे जवनिकेच्या स्नायूवर न बसता वर सरकलेली असतात. ईसीजीत खालच्या बाजूच्या लीडमध्ये टी लहरी उलट्या असतात. होल्टरमध्ये जादा ठोके पुष्कळ, निरनिराळ्या आकाराचे किंवा सलग ओळीत येतात. यातली एखादीच खूण असणे म्हणजे संकट नव्हे. पण कारण न सापडता शुद्ध हरपणे, विशेषतः धडधडीनंतर, हे मात्र कधीच दुर्लक्षू नये. जवळच्या नात्यात तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. अशा वेळी होल्टर पुन्हा लावतात आणि व्रण पाहण्यासाठी हृदयाची एमआरआय करतात. गरजेप्रमाणे औषधे देतात, जादा ठोके निघणारी जागा कॅथेटरने जाळतात आणि ज्यांचे हृदय एकदा थांबून पुन्हा सुरू करावे लागले, त्यांना छातीत डिफिब्रिलेटर बसवतात.

जंतुसंसर्ग आणि देखरेख

तिसरी शक्यता म्हणजे झडपेवर जंतू बसणे. ती थोडी वाढते, पण मुख्यतः ज्यांचे पडदे जाड आहेत आणि झडप गळते त्यांच्यात. पूर्वी दात काढण्याआधी प्रोलॅप्सच्या रुग्णांना अँटिबायोटिक देत असत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये ही शिफारस मागे घेतली. दात घासताना आणि चावताना रोजच थोडे जंतू रक्तात जातात. त्या मानाने एका डोसाने होणारा बचाव नगण्य असतो. दात आणि हिरड्या निरोगी ठेवणे जास्त उपयोगाचे. मात्र झडपेची दुरुस्ती होऊन रिंग बसवली असेल किंवा पूर्वी असा संसर्ग झालेला असेल, तर दातांच्या मोठ्या उपचाराआधी अँटिबायोटिक घ्यावेच लागते. गळकी झडप असलेल्या माणसाला आठवडाभराहून जास्त ताप राहिला, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर घेतात. गोळी आधी पोटात गेली, तर जंतू सापडत नाहीत आणि निदान हुकते.

देखरेख गळतीप्रमाणे ठरते. किरकोळ असेल तर तीन ते पाच वर्षांनी, मध्यम असेल तर एक-दोन वर्षांनी आणि तीव्र असून शस्त्रक्रिया अजून केली नसेल तर सहा ते बारा महिन्यांनी इको करतात. उंच, लांबोडी बोटे आणि डोळ्यांतील भिंग सरकणे अशी मार्फन सिंड्रोमची लक्षणे असतील, तर झडपेबरोबर महाधमनीचीही मापे घेतात, कारण त्या विकारात खरा धोका तिथे असतो. ठळक प्रोलॅप्स काही कुटुंबांत वारशाने येतो. तेव्हा आई-वडील, भावंडे आणि मुले यांची एकदा तपासणी करतात. धाप नव्याने लागणे, झोपल्यावर श्वास कोंडणे, धडधड सतत चालणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.